एकोणचाळीस जीबीचं लग्न

प्रश्न : आमच्या घरातल्या जुन्या कॅसेट आणि सीड्या परभणीच्या एका स्टुडिओतून कॉम्प्युटरवर घेतल्या. आई-बाबांच्या 1996 सालच्या लग्नाच्या दोन व्हीएचएस कॅसेट प्रत्येकी तीन तासांच्या आहेत, माझ्या जावळाची एक दीड तासाची. आत्याच्या लग्नाच्या तीन व्हीसीडी आणि आजोबांच्या पंच्याहत्तरीच्या दोन डीव्हीडी आहेत. सगळं मिळून 156 जीबी झालं! नुसती एक कॅसेट 39 जीबीची. 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर ती जात नाही, फोनवर तर नाहीच. झिप करून पाहिली तर जेमतेम एक जीबी कमी झाला. चित्र खराब न होता हे लहान कसं करायचं? आणि एवढ्या धूसर कॅसेटची फाइल एवढी मोठी होतेच कशी? (जाता जाता : लग्नाच्या दुसऱ्या कॅसेटमध्ये शेवटी शेवटी ओठ आणि आवाज जुळत नाहीत. फाइल लहान करताना तेही नीट होईल का?)
— एक वाचक, जिंतूर

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर कळलं की पहिल्याचं निम्मं आपोआप सुटतं.

तुम्ही फाइलींची यादी पाठवलीत हे बरं केलंत. कॅसेटच्या तिन्ही फाइलींच्या नावापुढे `.avi` आहे आणि तासाला 13 जीबी हा हिशेब तिन्हींना लागू पडतो. म्हणजे स्टुडिओने त्या ‘डीव्ही’ नावाच्या पद्धतीने साठवल्या आहेत. खात्री करायची तर मीडियाइन्फो नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या आणि त्यात फाइल उघडा. तिथे `DV`, `720` × `576` आणि `Interlaced` असं दिसेल.

डीव्हीचा स्वभाव कारकुनी आहे. आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला 25 चित्रं असतात, आणि डीव्ही प्रत्येक चित्राला बरोबर 1,44,000 बाइट जागा देते. चित्रात काय आहे हे ती बघत नाही. येलदरी रस्त्यावरच्या वरातीत बँडपुढे नाचणारी चाळीस माणसं असोत की कॅसेट संपल्यावरचा कोरा निळा पडदा, जागा तेवढीच. सेकंदाला 3.6 एमबी, तासाला 13 जीबी. तुमच्या कॅसेटच्या शेवटी वीस मिनिटं काहीच नसेल तर त्या काहीच नसण्याने सव्वाचार जीबी अडवले आहेत. ते आधी शोधा. अशी कोरी शेपटं जवळजवळ प्रत्येक कॅसेटला असतात.

दुसरी गोष्ट, डीव्ही प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे लिहिते, मागच्या चित्राची आठवण ठेवत नाही. मांडवात भटजी दहा मिनिटं एकाच जागी बसलेत, मागचा पडदा हलत नाही, केळीचे खुंट हलत नाहीत, हलतो तो फक्त त्यांचा हात. तरी डीव्ही तो पडदा आणि ते खुंट दहा मिनिटांत पंधरा हजार वेळा नव्याने उतरवते. कापाकापी आणि मिक्सिंग करणाऱ्याला हे सोयीचं असतं, कारण कुठल्याही चित्रावर कात्री चालवता येते. नुसतं पाहणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. एच.264 ही पद्धत (तुमच्या फोनमधले बहुतेक व्हिडिओ त्याच कुळातले) एक चित्र पूर्ण लिहिते आणि पुढच्या चित्रांत काय बदललं एवढंच नोंदवते. जागा वाचते ती इथे. झिपला ही युक्ती येत नाही. ती हुबेहूब पुनरावृत्ती शोधते, आणि कॅसेटवरची दोन चित्रं कधीच हुबेहूब सारखी नसतात.

ती सारखी का नसतात? कॅसेटवर दिसणाऱ्या मुंग्यांमुळे. चुंबकीय फितीवरचा तो कणीदार गोंधळ प्रत्येक चित्रात जागा बदलतो. माणसाचं लक्ष तिकडे जात नाही. चित्र लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र पडदा, केळी, भटजी सगळंच दर क्षणी हलतंय असं वाटतं आणि ते इमानदारीने मुंग्यासुद्धा लिहून ठेवतं. म्हणून हॅलोजनच्या प्रकाशातलं लग्न कमी जागेत बसतं, आणि अंधारातली वरात, जिथे कॅमेऱ्याने प्रकाश ताणून ताणून घेतलेला असतो, दुप्पट जागा मागते. धूसर कॅसेटची फाइल लहान केल्यावरही अपेक्षेपेक्षा मोठी राहते ती यामुळेच.

आता तुमच्या यादीतली खरी गंमत. कॅसेटच्या तीन फाइली मिळून 98 जीबी. उरलेले 58 जीबी कशाचे? दोन डीव्हीडी आणि तीन व्हीसीडींचे. डीव्हीडीवर जागाच मुळी 4.7 जीबीची असते, तरी तुमच्याकडे तिच्या फाइली अठरा-अठरा जीबीच्या आहेत. तुम्ही लिहिता, त्यांच्या नावात `1080p` आहे. म्हणजे स्टुडिओने 720 ठिपके रुंद असलेलं डीव्हीडीचं चित्र ओढून 1920 ठिपके केलं आणि सेकंदाला 20 मेगाबिटच्या दराने लिहिलं. व्हीसीडीचं चित्र तर फक्त 352 बाय 288 ठिपक्यांचं असतं, तेही तसंच ताणलं. लुगडं ओढून नऊवारीचं बारावारी होत नाही. ताणलेल्या चित्रात एकही नवा तपशील नाही, चौपट वजन मात्र आहे.

या 58 जीबीला लहान करत बसू नका. मूळ तबकड्या तुमच्याकडे आहेत, त्या जशाच्या तशा उतरवून घ्या. डीव्हीडीतलं `VIDEO_TS` हे पूर्ण फोल्डर कॉपी करायचं. आतल्या `VTS_01_1.VOB`, `VTS_01_2.VOB` अशा फाइली एकेका जीबीच्या तुकड्यांत असतात, त्या तशाच राहू द्या. सलग एकच फाइल हवी असेल तर मेकएमकेव्ही नावाचं सॉफ्टवेअर त्यातलं चित्र न बदलता फक्त वेष्टण बदलून देतं. व्हीसीडीत `MPEGAV` फोल्डरमधली `AVSEQ01.DAT` ही फाइल घ्यायची. ती व्हीएलसीत चालते. पन्नास मिनिटांची व्हीसीडी जेमतेम अर्ध्या जीबीची भरते. दोन डीव्हीडींचे मिळून साडेआठ-नऊ आणि तीन व्हीसीडींचा दीड, असे 58 चे सुमारे दहा जीबी झाले, आणि गुणवत्तेत केसाचाही फरक पडला नाही. उलट स्टुडिओच्या फाइलीपेक्षा ही प्रत मुळाच्या एक पायरी जवळ आहे.

व्हीसीडींचं काम या आठवड्यातच करा. डेटा साठवणाऱ्या सीडीत चुका दुरुस्त करायला प्रत्येक भागात जादा माहिती राखून ठेवलेली असते. व्हीसीडी बनवताना त्यातला एक थर काढून ती जागा चित्राला दिली, म्हणून ओरखडा पडला की व्हीसीडी लवकर अडखळते. कॉपी मधेच थांबली तर तबकडी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल फिरवून नव्हे, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हला न वाचता आलेली तबकडी दुसऱ्याने बिनतक्रार वाचली, असं मी कितीदा तरी पाहिलं आहे.

आता राहिल्या कॅसेटच्या फाइली. इथे खरोखर लहान करायचं आहे, आणि इथेच लोक चुकतात. मीही चुकलो होतो. मावसभावाच्या लग्नाची कॅसेट मी अशीच उतरवून घेतली, मोबाइलवर नीट दिसावी म्हणून चित्राचा आकार निम्मा केला आणि मोठी फाइल पुसून टाकली. नंतर टीव्हीवर लावली तर हलणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कडेला धुरकट सावली. त्यावर आता इलाज नाही.

झालं काय होतं ते सांगतो. कॅसेटवरचं एक चित्र म्हणजे प्रत्यक्षात दोन अर्धी चित्रं असतात. आधी एकाआड एक अशा ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या ओळी. तेवढ्या वेळात माणूस हललेला असतो. जुना डबा टीव्ही त्या ओळी त्याच क्रमाने दाखवायचा म्हणून सगळं सुरळीत दिसे. आजचा पडदा दोन्ही एकदम दाखवतो, मग हलत्या हाताच्या कडेला फणीसारखे दात येतात. तुमची फाइल अक्षता टाकण्याच्या क्षणी थांबवा आणि हातांच्या कडा बघा, फणी दिसेल. अशा चित्राची उंची फणी न सोडवताच कमी-जास्त केली की दोन वेळांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि पुन्हा वेगळ्या होत नाहीत. मी तेच केलं होतं. म्हणून क्रम असा : आधी ओळी सोडवायच्या, मग बाकीचं. ओळी सोडवताना दोन्ही अर्ध्यांची दोन वेगळी चित्रं करायची, म्हणजे सेकंदाला 25 ऐवजी 50 चित्रं होतात आणि नाच, फुगड्या, वरात मूळ कॅसेटसारखीच लवचीक दिसते. 50 चित्रं म्हणून फाइल दुप्पट होत नाही, कारण शेजारशेजारची चित्रं सारखीच असतात.

एफएफएमपेग हे फुकटचं सॉफ्टवेअर वापरून ही एक ओळ पुरते :

```
ffmpeg -i kaset1.avi -vf "bwdif=mode=send_field,hqdn3d=2:1:3:3,scale=768:576,setsar=1" -c:v libx264 -preset slow -crf 20 -pix_fmt yuv420p -c:a aac -b:a 160k kaset1.mkv
```

यात `bwdif` ओळी सोडवतं. `hqdn3d` मुंग्या जराशा कमी करतं. `scale=768:576` अशासाठी की कॅसेटच्या चित्राचे ठिपके चौरस नसतात. हे केलं नाही तर काही टीव्हींवर नवरदेव किंचित उंच आणि बारीक दिसतो. (काहींना ते आवडेलही.) `-crf 20` ही गुणवत्तेची पट्टी आहे, आकडा जितका लहान तितकं चित्र मुळाजवळ आणि फाइल मोठी. 18 ते 22 च्या बाहेर जाऊ नका. ‘मला चार जीबीच हवेत’ असा आकार ठरवून देऊ नका, कारण मग कॅसेट अवघड असली तर तो आकार गाठण्यासाठी चित्राचा बळी जातो. आदेश टाइप करायचा कंटाळा असेल तर हँडब्रेकमध्येही हेच जमतं : `Filters` मध्ये `Deinterlace` ला `Bwdif` आणि `Bob`, आणि `Video` मध्ये `Constant Quality` 20.

पूर्ण तीन तासांवर आदेश सोडण्याआधी पाच मिनिटांचा नमुना काढा. वरातीचा भाग घ्या, सगळ्यात अवघड तोच. वरच्या ओळीत `-i` च्या आधी `-ss 02:10:00 -t 300` घातलं की दोन तास दहा मिनिटांपासूनची पाच मिनिटं निघतात. त्यात तीन गोष्टी बघा. हालचाल पुढे-मागे थरथरते आहे का? तसं असेल तर सॉफ्टवेअरने ओळींचा क्रम उलटा धरला आहे; `send_field` च्या पुढे `:parity=bff` घाला, डीव्हीत खालची ओळ आधी येते. चेहरे मेणाचे झालेत का? मुंग्या जास्त मारल्या की तसं होतं. आणि तिसरी, माझी आवडती परीक्षा : मंगलाष्टकांच्या शेवटी हवेत उडणाऱ्या अक्षता दिसतात का? मुंग्या मारणाऱ्याला अक्षता आणि मुंगी यांतला फरक कळत नाही, दोन्ही एका चित्रात येऊन पुढच्यात गायब होणारे ठिपकेच. अक्षता नाहीशा झाल्या असतील तर `hqdn3d=2:1:3:3,` एवढा भाग काढून टाका. फाइल थोडी फुगेल, फुगू द्या. चित्राच्या अगदी तळाशी एक वेडीवाकडी पट्टी थरथरताना दिसेल. ती व्हीसीआरमध्येच होते आणि जुना टीव्ही ती चौकटीआड लपवायचा. स्टुडिओला दोष देऊ नका.

फाइलीचं नाव `.mkv` ठेवलं आहे ते मुद्दाम. साध्या लॅपटॉपला तीन तासांची कॅसेट बदलायला कित्येक तास लागतात. मधेच वीज गेली आणि बॅटरी संपली तर अर्धवट राहिलेली एमपी4 फाइल बहुधा उघडतच नाही, कारण तिची अनुक्रमणिका सर्वांत शेवटी लिहिली जाते. एमकेव्ही जिथवर झाली तिथवर चालते. काम रात्रभर सोडून झोपणार असाल तर हा फरक मोलाचा आहे.

तीन तासांची कॅसेट या पद्धतीने साधारण साडेचार जीबीवर येईल. मुंग्या फार असतील तर सहावरही थांबेल. साडेचार धरले तर तुमच्या साडेसात तासांच्या तिन्ही कॅसेट सव्वाअकरा जीबीत बसतात, तबकड्यांचे दहा धरून एकूण सव्वाएकवीस. 156 चे सव्वाएकवीस. पेनड्राइव्हवर मावतील.

मावतील, पण एक अडचण उरते. तुम्हाला 39 जीबीची फाइल 32 जीबीत गेली नाही हे समजण्यासारखं आहे, पण ही साडेचारची फाइलही कदाचित जाणार नाही. बाजारातले 32 जीबीपर्यंतचे पेनड्राइव्ह बहुधा एफएटी32 या जुन्या मांडणीत येतात आणि तीत चार जीबीहून मोठी एक फाइल बसतच नाही, जागा कितीही मोकळी असो. (डीव्हीडीच्या फाइली एकेका जीबीच्या असल्याने त्यांना ही अडचण येत नाही.) पेनड्राइव्ह एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करता येतो, पण गावाकडचा जुना टीव्ही तो ओळखेलच असं नाही. त्यापेक्षा लग्नाचे तुकडे करा, कोणी तीन तास सलग बघतही नाही. हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टका, पंगत, वरात. तुकडा करताना चित्र पुन्हा लिहायला लागत नाही :

```
ffmpeg -ss 00:42:00 -to 01:25:00 -i kaset1.mkv -c copy mangalashtaka.mp4
```

सुरुवात हव्या त्या क्षणाच्या पाच-सात सेकंद आधीची धरा, कारण कात्री पूर्ण चित्रावरच चालते आणि पूर्ण चित्र दर पाचेक सेकंदांनीच असतं. हेच तुकडे नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर धाडायचे असतील तर ‘व्हिडिओ’ म्हणून नव्हे, ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडा. दोन जीबीपर्यंतची फाइल न दाबता जाते. व्हिडिओ म्हणून पाठवलात तर ते स्वतःच्या पद्धतीने पुन्हा चेपतं आणि तुमची रात्रभराची मेहनत वाया.

एच.265 ही आणखी नवी पद्धत आहे, तीत यापेक्षाही बरीच लहान फाइल होते. तुमच्या बाबतीत मी ती सुचवणार नाही. वाचणारे चारेक जीबी आणि जुन्या टीव्हीवर न चालण्याचा धोका, यात मला टीव्ही महत्त्वाचा वाटतो. आई-बाबा लग्न फोनवर बघणार नाहीत.

कॅसेटच्या मूळ मोठ्या फाइली पुसायच्या का? माझं मत : तिन्ही मिळून 98 जीबी, म्हणजे एक टीबीच्या हार्ड डिस्कचा दहावा हिस्सा. तेवढ्या राहू द्या. लहान फाइल बघायला, मोठी कपाटात. पुढे कधी मुंग्या मारायची याहून चांगली रीत निघाली तर ती मोठ्या फाइलीवर चालेल, लहानीवर नाही. सगळ्याची एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर करून ती दुसऱ्या घरी ठेवा, समजा आत्याकडे. पेनड्राइव्ह नेण्या-आणण्यापुरता, साठवणीसाठी नव्हे. कॅसेटही टाकू नका; पूर्ण मागे गुंडाळून, पुस्तकासारख्या उभ्या, कोरड्या जागी ठेवा. खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, मशीनचं हेड खराब होईल आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होईल.

शेवटी तुमची जाता जाता केलेली तक्रार. ओठ आणि आवाज सुरुवातीला जुळतात आणि शेवटी फाटतात, याचा अर्थ बहुधा कॅसेट उतरवताना मधली मधली काही चित्रं सुटली. जुन्या फितीचा ताल डळमळीत असतो. कॅसेट आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये तो ताल सावरणारं यंत्र, टाइम बेस करेक्टर, नसलं की असं होतं. सुटलेली चित्रं फाइलीत नाहीतच, त्यामुळे ती लहान करताना परत येणार नाहीत. दुसरी कॅसेट स्टुडिओत परत न्या, ताल सावरून पुन्हा उतरवून द्या म्हणावं, आणि नवी फाइल घेताना तिथेच शेवटची दहा मिनिटं लावून बघा. हे लांबणीवर टाकू नका. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, जुलै 2016 मध्ये थांबली; आज जी मशीन चालू आहेत त्यातली बरीच दुसऱ्या बंद मशीनचे सुटे भाग काढून चालवलेली आहेत.